गोलंदाजाचा पाय, धावपटूचा ब्लर: फोटोवरून पोस्टर करतानाच्या नोंदी

११ जानेवारी

गावच्या मंडळाला फेब्रुवारीसाठी दोन पोस्टरं हवी आहेत. एक टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धेचं, दुसरं त्याच आठवड्यातल्या दौडीचं. दोन्हींसाठी आमच्याच माणसांचे फोटो वापरायचे, पण ते पोस्टर कलरने रंगवल्यासारखे दिसले पाहिजेत. फोटो आमच्या फोटोग्राफर दादांनी काढलेले आहेत. त्यांची आणि फोटोतल्या दोघांचीही परवानगी घेतली आहे.

पहिला फोटो गोलंदाजाचा. उजव्या हाताचा जलदगती, चेंडू बोटांतून सुटतोय तोच क्षण, शटर १/२०००. पुढचा पाय टेकतोय, टाचेखालून लाल माती उडालेली, शर्ट पाठीवर फुगलेला. सगळं थिजलेलं आणि धारदार. दुसरा फोटो यवतेश्वर घाटात उतारावर पळणाऱ्या मुलीचा. तो १/३० शटरवर, कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत, म्हणजे पॅन करून काढलाय. तिचं धड आणि चेहरा स्पष्ट आहेत, झाडं आणि कठडा आडव्या रेघोट्या झालेत, हातपाय अर्धवट पुसलेले आहेत.

काम घरच्याच संगणकावर करते आहे. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं आहे, म्हणून चित्र तयार करणारं एआय मॉडेल स्टेबल डिफ्युजन १.५, त्याला मूळ फोटोच्या आकाराशी बांधून ठेवणारं कंट्रोलनेट आणि बाकी सगळं गिंप या चित्रसंपादकात. रंग बदलले, कागदाचा पोत आला, ब्रशचे फटकारे दिसले तर हरकत नाही. मात्र तीन गोष्टी हलता कामा नयेत: शरीराची ठेवण, जिथे धार आहे तिथली धार, आणि जिथे ब्लर आहे तिथला ब्लर. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड जाणार, कारण ही साधनं ब्लरला फोटोतली खोट समजतात.

१२ जानेवारी

मॉडेल सुरू करण्याआधी मोजमाप करून घेतलं. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. ब्लर म्हणजे नुसता धूसरपणा नव्हे. त्याला लांबी असते, दिशा असते, आणि शरीराच्या प्रत्येक भागाला तो वेगळा असतो.

धावपटू किलोमीटरला साधारण ४ मिनिटांच्या वेगाने पळत होती. म्हणजे ताशी १५ किलोमीटर, सेकंदाला ४.२ मीटर. १/३० सेकंदात ती १४ सेंटिमीटर पुढे गेली. माझ्या क्रॉपमध्ये एका सेंटिमीटरला ६ पिक्सेल येतात, म्हणजे मागच्या रेघोट्या ८४ पिक्सेलच्या आसपास असायला हव्यात. कठड्यावरचा एक पांढरा ठिपका शोधून त्याची रेघ मोजली, ती तेवढीच भरली. लांबच्या झाडातून चमकणारा उजेडाचा ठिपकाही तेवढाच लांबलेला आहे. कॅमेरा एका जागी उभा राहून नुसता वळला, तर जवळची आणि लांबची प्रत्येक स्थिर वस्तू फोटोत सारखीच लांब पुसली जाते.

यातून एक गोष्ट निघते, ती मात्र नीट लक्षात ठेवायची. जमिनीवर टेकलेलं पाऊल हीसुद्धा त्या क्षणी स्थिर वस्तूच आहे. पॅन केलेल्या फोटोत धड स्पष्ट येतं आणि टेकलेला पाय कठड्याइतकाच पुसला जातो. कॅमेरा स्थिर ठेवून काढलेल्या फोटोत नेमकं उलट होतं: टेकलेला पाय स्पष्ट आणि धड पुसलेलं. पोस्टरमध्ये हा पाय धारदार करून ठेवला, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण मुलगी पळत नाहीये, रस्त्यावर चिकटवलेली आहे, असं वाटतं.

गोलंदाजाच्या फोटोत ब्लर नावालाच आहे. चेंडू ताशी १०० किलोमीटरचा धरला तर १/२००० सेकंदात तो १.४ सेंटिमीटर जातो. त्या फोटोत सेंटिमीटरला १२ पिक्सेल आहेत, म्हणजे १७ पिक्सेलची ओढ, आणि चेंडूचा व्यास ८० पिक्सेल. बोटांची टोकं जवळपास चेंडूच्याच वेगाने जातात, म्हणून तीही किंचित ओढलेली आहेत. मनगट कमी, कोपर त्याहून कमी, खांदा स्वच्छ. या क्रमामुळेच हात फिरताना दिसतो.

१४ जानेवारी

पहिली फेरी, दोन्ही फोटोंवर. काय बिघडलं ते लिहून ठेवते.

इमेज-टू-इमेजमध्ये, म्हणजे फोटोवरून चित्र करताना, मॉडेलला किती बदल करू द्यायचा हे `Denoising strength` ठरवते. ती ०.३५ ठेवली तर फोटो फोटोच राहतो, वर फक्त हलका रंगाचा हात फिरल्यासारखं होतं. ०.६५ ला पोस्टर कलरचा बाज सुरेख येतो, पण गोलंदाजाचा पुढचा गुडघा वाकतो, डावा हात खाली येतो, आणि धावपटूच्या मागच्या रेघोट्यांतून कुंपण, पाऊस आणि एकदा तर उसाचा फड उगवला.

धावपटूच्या फोटोवर कंट्रोलनेटचा `canny` भाग लावून पाहिला. तो अजिबात लावू नये. कॅनी धार शोधतं. पुसलेल्या पायाला धारच नाही, म्हणून त्या जागी नकाशा कोरा राहतो आणि मॉडेल तिथे मनाने नवा पाय घालतं. उलट रेघोट्यांच्या कडा मात्र त्याला दिसतात, त्यामुळे शेकडो समांतर रेषा पक्क्या होतात. हवं त्याच्या बरोबर उलट.

दुसरी अडचण सूचनांमध्ये होती. चित्रात काय नको ते सांगणाऱ्या नेहमीच्या नकारात्मक सूचनांच्या यादीत `blurry` हा शब्द असतो, तो मी बरेच दिवस एका फाइलमधून तसाच चिकटवत आले आहे. तो आहे तोवर मॉडेल ब्लर पुसण्यासाठी झटत राहतं. तो काढला, `out of focus` काढला. रेघोट्या पूर्ण नाही, पण बऱ्याच टिकल्या. मग उलट `motion blur` ही सूचना सकारात्मक बाजूला घालून पाहिली. त्याने ब्लर येतो, पण कुठेही येतो. चेहऱ्यावर आला, डोंगरावर आला. शब्दांना दिशा आणि लांबी कळत नाही.

त्यामुळे ठरवलं की ब्लर मॉडेलकडून करवून घ्यायचाच नाही. मॉडेलने फक्त धारदार भागांना रंग द्यायचा. ब्लर मूळ फोटोतून उचलायचा, नाहीतर परवा मोजलेल्या आकड्यांवरून परत घालायचा.

१८ जानेवारी

आज फक्त गोलंदाज. कंट्रोलनेटचे दोन भाग एकत्र लावले: ठेवणीसाठी `control_v11p_sd15_openpose` आणि आकारासाठी `control_v11p_sd15_softedge`.

ओपनपोझने काढलेला सांगाडा आधी उघडून बघायचा, तो बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. या फोटोत चेंडू टाकणारा हात कानाला घासून वर गेलाय आणि डोकं डावीकडे झुकलंय. सांगाड्यात उजवा खांदा जवळजवळ मानेतच बसला होता आणि कोपर कपाळाच्या रेषेत. असाच पुढे गेला असता तर हात वाकलेला आला असता. गोलंदाजाच्या बाबतीत ही नुसती चित्रातली चूक नाही. नियमाने कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, आणि पोस्टरवर हात वाकलेला दिसला तर पारावर चर्चा फेकीचीच होणार. ठिपके हाताने हलवून खांदा, कोपर आणि मनगट मूळ फोटोवर बसवले.

एवढं करूनही पाय बिघडला. ओपनपोझचा हा सांगाडा १८ ठिपक्यांचा असतो आणि तो घोट्यापाशी संपतो. पाऊल कुठे वळलंय, टाच टेकली की चवडा, हे त्यात नसतंच. मूळ फोटोत टाच टेकलेली आहे आणि चवडा वर आहे. मॉडेलने आख्खा तळवा जमिनीवर सपाट ठेवला, तोही थोडा पुढे. मला ते एकदम दिसलं नव्हतं. दादांना पाठवलं, त्यांनी दोन मिनिटांत फोन केला.

"अगं, तू त्याला नो-बॉल दिलास की."

"कुठे दादा?"

"क्रीज बघ आणि बूट बघ. माझ्या फोटोत टाच आत आहे. तुझ्यात सगळा बूट बाहेर."

बरोबर होतं. पुढच्या पायाचा काही भाग तरी पॉपिंग क्रीजच्या मागे पडायला हवा, तो टेकलेला असो वा हवेत. मूळ फोटोत टाच रेषेच्या मागे चार बोटं आहे. मॉडेलने बूट पुढे सरकवला आणि वर चुन्याची रेषाही थोडी मागे घेतली. मैदानावरच्या रेषा या मॉडेलला नुसते पांढरे पट्टे वाटतात. त्यांचं पायाशी असलेलं नातं त्याला माहीत नसतं.

दुरुस्ती अशी केली. सॉफ्टएजचं वजन ०.६ वरून ०.९ केलं आणि ते शेवटपर्यंत लागू ठेवलं, आधी ते ७० टक्क्यांवर थांबत होतं. शेवटच्या टप्प्यात मोकळीक मिळाली की बुटाचा तळ सपाट होतो. त्यामुळे ब्रशचे फटकारे जरा दबले, पण ते नंतर पोताने भरून काढता येतात, सरकलेला पाय काढता येत नाही. `Denoising strength` ०.५ वर ठेवली. क्रीजची रेषा मात्र मॉडेलकडे ठेवलीच नाही. ती मूळ फोटोतून वेगळ्या थरावर घेतली आणि गिंपमध्ये वरून रंगवली.

तपासणीची पद्धतही आज पक्की झाली. मूळ फोटो वरच्या थरात, मोड `Difference`. जिथे आकार जुळतो तिथे सपाट रंग दिसतो, जिथे सरकला तिथे कडेला दुहेरी रेघ उमटते. बूट, गुडघा, कंबर, खांदा, कोपर, मनगट आणि नजर याच क्रमाने खालून वर बघते. खालून सुरुवात करण्याचं कारण असं की पाय सरकला असेल तर वरचं सगळं बरोबर असूनही तोल चुकलेला दिसतो.

शर्टाबद्दल एक. तो फुगलेला शर्ट हाच थिजलेल्या फोटोतला वेग आहे. मॉडेलला इस्त्री केलेला शर्ट आवडतो, ते सुरकुत्या सारख्या करून टाकतं. सॉफ्टएजचं वजन वाढवल्यावर शर्टही परत फुगला. टाचेखालच्या मातीचं तसं झालं नाही. उडालेले खडे सुटे आणि बारीक आहेत, मॉडेल त्यांचा ढग करतं आणि ढग म्हणजे स्फोट वाटतो. माती मूळ फोटोतूनच घेतली, रंग तेवढा पोस्टरच्या लाल-गेरूकडे ओढला.

१९ जानेवारी

हात आणि चेंडू. आख्खी संध्याकाळ यात गेली, आणि बराच वेळ सेटिंगं हलवण्यात वाया गेला, कारण दोष सेटिंगचा नव्हताच.

हे मॉडेल चित्र थेट पिक्सेलमध्ये रंगवत नाही. आधी ते उंचीला आणि रुंदीला आठपट लहान करून घेतं आणि त्या लहान जाळीवर काम करतं. माझं कामाचं चित्र मूळ फोटोच्या चौथाईवर होतं, म्हणजे सेंटिमीटरला ३ पिक्सेल. चेंडू २० पिक्सेलचा झाला. आठने भागलं तर जाळीत अडीच घरं. बोट दीड-दोन सेंटिमीटर जाड, म्हणजे एक घरसुद्धा नाही. इतक्या जागेत पाच बोटं आणि त्यातून सुटणारा चेंडू मावतच नाही. म्हणून दर वेळी मूठ किंवा लाडू येत होता, आणि चेंडू कधी हाताला चिकटलेला, कधी गायब.

उपाय म्हणजे हाताभोवतीचा चौकोन मूळ आकारातच घेऊन वेगळा रंगवायचा. इनपेंटमध्ये, म्हणजे चित्राचा निवडलेला भागच पुन्हा रंगवण्याच्या सोयीत, `Only masked` निवडलं, मनगटापासून वरचा भाग मास्क केला आणि कडेला थोडी जागा सोडली. आता चेंडू ८० पिक्सेलचा, जाळीत दहा घरं. पहिल्याच खेपेला बोटं ओळखू येऊ लागली. `Denoising strength` इथे ०.४ च्या वर नेली नाही.

मग लक्षात आलं की चेंडू आता फारच गोल झालाय. मूळ फोटोत तो पुढे-खाली १७ पिक्सेल ओढलेला आहे, म्हणजे किंचित लांबट. मॉडेलने त्याला कंपासने काढल्यासारखं वर्तुळ केलं आणि चेंडू हवेत टांगलेला दिसू लागला. गिंपमध्ये चेंडूचा थर वेगळा करून `Linear Motion Blur` लावला, लांबी १७, कोन मूळ फोटोतल्या ओढीवरून मोजलेला. बोटांच्या टोकांना त्याहून जरा कमी. मनगटाखाली काहीच नाही. लहानसं काम आहे, पण याच्या आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं तर चेंडू सुटलाय की धरलाय हे यावरच ठरतं.

चेहरा असाच वेगळा रंगवला, ०.३ वर. गावातल्या माणसाला आपला पोरगा ओळखू आला पाहिजे. ताकद लावताना त्याचे ओठ आवळलेत आणि एक डोळा बारीक झालाय. जास्त मोकळीक दिली की मॉडेल त्याला हसवतं.

२५ जानेवारी

धावपटू. आज चित्राचे तीन तुकडे केले: मागचा भाग, धड-चेहरा, हातपाय.

मागचा भाग मॉडेलला दिलाच नाही. मूळ रेघोट्या तशाच ठेवून त्यांवर गिंपमध्ये `Gradient Map` लावला, गडद निळ्यापासून मातकट पिवळ्यापर्यंत. मग `Posterize` १२ पायऱ्यांवर. हे इतकं चांगलं उतरेल असं वाटलं नव्हतं. रेघोट्यांमध्ये रंग आडवा फारसा बदलत नाही, फक्त उभा बदलतो. त्यामुळे पायऱ्या पाडल्या की त्या आपोआप धावण्याच्या दिशेने पट्ट्या होतात, कोरड्या ब्रशने ओढल्यासारख्या. रंगवल्याचा भास मिळाला आणि रेघेची लांबी, कल काहीही हललं नाही.

धड आणि चेहरा मॉडेलकडे, ०.४५ वर, सॉफ्टएजसह. इथे फारसं काही बिघडलं नाही.

पाय मात्र बिघडले. फोटोत दोन्ही पाय एकमेकांवरून जाताहेत: उजवा टेकलेला, डावा मागून पुढे येतोय आणि गुडघ्यापाशी उजव्याच्या आड जातोय. दोन्ही पुसलेले असल्याने ओपनपोझने डाव्याला उजवा केलं. सांगाडा दिसायला ठीक होता, गुडघे जागेवर होते, पण मागचा पाय पुढे आल्यामुळे ती पळण्याऐवजी अडखळल्यासारखी दिसत होती. ठिपक्यांचे रंग बघितल्याशिवाय हे कळत नाही, कारण उजव्या-डाव्या पायाला सांगाड्यात वेगळे रंग असतात. ठिपके अदलाबदल करून बसवले आणि जोडीला `control_v11f1p_sd15_depth` लावलं, ०.५ वजनाने. कोणता पाय कॅमेऱ्याजवळ आहे हे डेप्थच्या नकाशातच कळतं. सांगाड्याला जवळ-लांब माहीत नसतं.

पाय रंगवताना मॉडेलला धारदार पायच काढू दिले. पुसलेल्या आकारावरून बूट कसा असेल याचा अंदाज चुकत होता, म्हणून दादांकडून त्याच मुलीचा उभा असतानाचा फोटो मागवला आणि त्यावरून बुटाचा रंग आणि पट्ट्या हाताने दुरुस्त केल्या. हे धारदार पाय वेगळ्या पारदर्शक थरांवर जपून ठेवले. ब्लर अजून लावलेला नाही, आणि मुद्दामच.

२६ जानेवारी

पोस्टर ए-२ आकाराचं आहे. १५० डीपीआयने ते २४८० × ३५०८ पिक्सेल होतं, म्हणजे चित्र मोठं करणं आलंच. काल ब्लर मुद्दाम लावला नाही तो याचसाठी. रेघोट्या असलेलं चित्र ईएसआरगॅनसारख्या अपस्केलरमधून काढून बघितलं. त्याने प्रत्येक रेघेची तार केली, सतारीच्या तारांसारखं सगळं चकाकायला लागलं. पुसलेल्या पायाच्या कडेला केसासारख्या रेषा आल्या. अपस्केलरचं कामच धार परत आणण्याचं आहे.

म्हणून क्रम असा: धारदार तुकडे अपस्केलरमधून, रेघोट्यांचा थर साध्या क्युबिक पद्धतीने, आणि ब्लर त्यानंतर. चित्र क्रॉपच्या दुप्पट झालं, म्हणजे आता सेंटिमीटरला १२ पिक्सेल. तेव्हा ८४ ची ओढ १६८ होते.

टेकलेल्या पायाला सरळ ब्लर लावला तर मांडीसुद्धा बुटाइतकीच पुसली जाते, आणि ते चूक आहे. कंबर कॅमेऱ्याबरोबर चालली आहे, म्हणून ती स्पष्ट. पाऊल जमिनीवर आहे, म्हणून ते पूर्ण पुसलेलं. मधला पाय कंबरेभोवती फिरतोय. कंबरेपासून पावलापर्यंत साधारण ९० सेंटिमीटर धरले आणि पावलाची ओढ १४, तर तो फिरलेला कोन ९ अंशांच्या जवळपास येतो. गिंपमधला `Circular Motion Blur` घेतला, केंद्र कंबरेच्या सांध्यावर, कोन ९. मांडी किंचित, पोटरी बरीच, घोटा पूर्ण. मूळ फोटोशी ताडून बघितलं, गुडघ्यापाशी थोडा फरक आहे कारण गुडघा वाकलेला आहे, पण बाकी बसलं. हातांनाही हीच रीत, केंद्र खांद्यावर, कोन मूळ फोटोतल्या मुठीच्या ओढीवरून.

टेकलेला बूट आणि त्या बुटाची सावली मात्र रस्त्यावर आहेत, त्यांची ओढ सरळच हवी आणि रेघोट्यांना समांतर. रस्ता उताराचा आहे, रेघोट्या उजवीकडे ३ अंश खाली झुकतात. यासाठी छोटं पायथन लिहिलं:

```python
import cv2, numpy as np

L, deg = 169, -3
k = np.zeros((L, L), np.float32)
k[L//2, :] = 1
M = cv2.getRotationMatrix2D((L//2, L//2), deg, 1)
k = cv2.warpAffine(k, M, (L, L))
k /= k.sum()

im = cv2.imread("foot.png", cv2.IMREAD_UNCHANGED)
im = im.astype(np.float32) / 255
a = im[:, :, 3:]
rgb = cv2.filter2D(im[:, :, :3] ** 2.2 * a, -1, k)
a = cv2.filter2D(a, -1, k)[:, :, None]
out = (rgb / np.maximum(a, 1e-4)).clip(0, 1) ** (1 / 2.2)
out = np.dstack([out, a])
cv2.imwrite("foot_blur.png", (out * 255).round().astype(np.uint8))
```

`L` विषम ठेवायचा, म्हणून १६८ ऐवजी १६९. `deg` अधिक असेल तर रेघ उजवीकडे वर जाते, म्हणून इथे उणे. थर आठ बिटांचा आणि पारदर्शकतेसह पीएनजी हवा, आणि बुटाच्या चारही बाजूंना किमान ८५ पिक्सेल मोकळी जागा, नाहीतर ओढ कडेला कापली जाते.

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. २.२ चा घातांक असा की कॅमेऱ्यात ब्लर उजेडाच्या बेरजेने होतो, फाइलमधल्या आकड्यांच्या बेरजेने नव्हे. तो नसेल तर बुटावरची पांढरी पट्टी राखाडी होऊन विरते, खऱ्या फोटोत ती उजळ रेघ म्हणून टिकते. दुसरं, पारदर्शकताही त्याच कर्नेलने, म्हणजे ओढीच्या त्याच साच्याने पुसली आहे. फक्त रंग पुसला आणि कडा धारदार राहिली, तर पाय कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

१ फेब्रुवारी

काल पडद्यावर सगळं जुळलेलं वाटत होतं. आज ए-३ वर एक नमुना छापून घेतला, साध्या कागदावर, ६० रुपयांत. हे पैसे वाचवू नयेत, कारण छापल्यावर एक दोष उघडा पडला.

धडावर ब्रशचे फटकारे आणि कागदाचा दाणा आहे. ब्लर लावलेल्या पायांवर तो दाणाही पुसला गेलाय. परिणामी धड रंगवलेलं आणि पाय फोटोतले. एका माणसाचे दोन तुकडे दिसत होते. रंगवणारा माणूस वेग दाखवताना कागदाचा दाणा पुसत नाही, तो रंग ओढतो आणि दाणा खाली तसाच असतो.

म्हणून धडावरचा दाणाही आधी थोडा कमी केला आणि सगळ्यात शेवटी संपूर्ण चित्रावर एकच कागदाचा पोत टाकला, `Grain merge` मोडमध्ये, ३० टक्के. रेघोट्यांवर, पायांवर, चेहऱ्यावर, सगळीकडे सारखा. शिवाय पुसलेल्या पावलामागे ओढीच्या दिशेने तीन-चार कोरडे फटकारे हाताने दिले. ते मूळ ओढीच्या लांबीबाहेर जाऊ दिले नाहीत. बाहेर गेले की मुलगी धूमकेतू होते, आणि उतारावर किलोमीटरला ४ मिनिटांनी पळणारी ती बाई आहे, रॉकेट नव्हे.

गोलंदाजाच्या पोस्टरला हाच पोत, पण २० टक्के. तिथे बोटांची आणि मातीच्या खड्यांची धार महत्त्वाची आहे, जाड दाणा ती खातो.

दुसरा नमुना छापून मंडळाच्या कर्णधाराला आणि दादांना दाखवला. कर्णधाराने आधी क्रीजकडेच बघितलं. दादांनी धावपटूच्या पोस्टरवर बोट ठेवून विचारलं, "हा पाय तू पुसलास की माझाच आहे?" मी सांगितलं, बूट नवा रंगवलाय, ओढ तुमच्या फोटोतली मोजून घातली आहे. त्यांनी मूळ फोटो मोबाइलवर काढून शेजारी धरला आणि मग छपाईला द्या म्हणाले.

४ फेब्रुवारी

फाइली छापायला गेल्या. हे काम करू पाहणाऱ्यांसाठी उरलेलं लिहून ठेवते.

ही सगळी रीत बाजूने काढलेल्या फोटोंना लागू आहे. समोरून येणाऱ्या धावपटूचा ब्लर सरळ रेघेत नसतो, तो मोठा होत बाहेर फाकतो आणि प्रत्येक अवयवाला वेगळा असतो. तिथे कर्नेलने परत घालण्याच्या फंदात पडू नये. पुसलेला भाग मूळ फोटोतलाच ठेवून फक्त रंग बदलावे.

फलंदाजाचा फोटो असेल तर बॅट आधी नीट बघावी. मोबाइल किंवा इलेक्ट्रॉनिक शटरवर काढलेल्या फोटोत जोरात फिरणारी बॅट केळ्यासारखी वाकलेली येते, कारण सेन्सर ओळी-ओळीने वाचला जातो. मॉडेलला ती बॅट वाटत नाही आणि ते तिची काठी किंवा हॉकी करतं. अशी बॅट मास्क करून वेगळी ठेवलेली बरी. ती सरळ करायची की तशीच ठेवायची हे फोटो काढणाऱ्याला विचारावं. मी सरळ करेन, कारण तो वाक खेळाडूचा नाही, सेन्सरचा आहे.

आणि मूळ फोटोची शटरची नोंद जपा. ती फाइलच्या एक्झिफमध्ये असते, पण व्हॉट्सॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की निघून जाते आणि फोटोही लहान होतो. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. दादांनी धावपटूचा फोटो आधी साधाच पाठवला होता, त्यात शटर कळेना आणि रेघोट्याही दबून तुटक झाल्या होत्या. डॉक्युमेंट म्हणून आल्यावर १/३० दिसलं आणि मगच मोजमापाला हात घालता आला.